घासल्याशिवाय तापलेली हवा

गेल्या गणेशोत्सवात पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीच्या मुलांनी मंडपात अवकाशकुपीच्या परतीचा देखावा केला होता. शुभांशु शुक्ला यांची कुपी जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली, तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते आणि निम्मी सोसायटी दूरचित्रवाणीपुढे बसून होती, त्यामुळे विषय ठरवायला मुलांना बैठक घ्यावी लागली नसावी. पुठ्ठ्याची कुपी, तिच्या बुडाला चिकटवलेला लाल जिलेटीन कागद, आत लुकलुकणारे दिवे आणि खाली सुवाच्य अक्षरात पाटी : ‘हवेशी घर्षण झाल्यामुळे यान तापून लाल होते.’ आरती संपल्यावर त्या पाटीच्या कर्त्याला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला, मी बाजूला घेऊन म्हटले की घर्षणाचा वाटा तिथे फार थोडा असतो, हवा दाबली जाऊन तापते. त्याने अदबीने ऐकून घेतले आणि विचारले, “पण काका, घासल्याशिवाय तापणार कसं?” तेवढ्यात प्रसादाची हाक आली आणि तो पळाला. पाटी विसर्जनापर्यंत तशीच राहिली. मला मात्र त्याचा प्रश्न सोडीना, कारण तो अडाणीपणाचा नव्हता. तळहात चोळले की ऊब येते हे आपण लहानपणापासून अनुभवतो, आणि दाबल्याने काही तापते याचा अनुभव फारसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

माझ्या वाट्याला तो आला, कारण नोकरीची बरीच वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात हवेच्या कॉम्प्रेसरांच्या संगतीत गेली. कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरले की आधी तेलाचा करपट वास येई आणि मग त्या ठोक्यांनी पायाखालची फरशी बोलू लागे. हवा बाहेर पडते त्या नळीवरचा रंग पहिल्या वर्षीच तपकिरी होऊन पोपडे धरत असे. झडपांच्या पट्ट्या काढल्या की त्यांवर जळलेल्या तेलाचा काळा, खरखरीत थर बसलेला दिसे, आणि तो पितळी ब्रशने खरवडता खरवडता नवा मदतनीस हमखास म्हणे की पिस्टन फार घासतोय, तेल वाढवा. पिस्टन घासतो हे खरेच आहे. पण तीस अंशांची हवा एकाच टप्प्यात आठपट दाबाला नेली, तर पिस्टन कितीही गुळगुळीत असला आणि घर्षण शून्य मानले तरी हिशेबाने तिचे तापमान पावणेतीनशे अंशांच्या आसपास जाते. पिस्टन आपल्याकडे येणाऱ्या रेणूंना सामोरा जाऊन टोलवतो, ते आले त्याहून जोरात परत फिरतात, आणि रेणूंची ही वाढलेली धावपळ म्हणजेच तापमान. म्हणून तर दोन टप्प्यांच्या मधे इंटरकूलर बसवतात. घासण्याची उष्णता काढायला तो नसतोच, दाबण्याची काढायला असतो.

कुपीच्या पुढे हेच घडते असे म्हणून थांबता येईल, पण ते अर्धेच झाले. कॉम्प्रेसरमध्ये हवेला कोंडायला सिलिंडर असतो. सत्तर किलोमीटर उंचीवर ना सिलिंडर, ना झाकण; आणि हवा इतकी विरळ की समुद्रसपाटीवरच्या हवेच्या पंधरा हजारांत एक भाग. मग ती बाजूला का होत नाही? तर तिला बाजूला होण्याची सूचनाच मिळत नाही. एखादी वस्तू येते आहे ही वर्दी हवेत ध्वनीच्या वेगाने पुढे जाते, आणि त्या उंचीवर ध्वनीचा वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास असतो. कुपी येत असते सेकंदाला साडेसात किलोमीटरने, म्हणजे वर्दीच्या पंचवीसपट वेगाने. त्यामुळे पुढची हवा शेवटच्या क्षणापर्यंत स्वस्थ, थंड आणि अनभिज्ञ असते, आणि मग एका पातळ पडद्यापाशी तिच्यावर सगळे एकदम कोसळते. हा पडदा म्हणजे शॉक वेव्ह, आघात-तरंग. त्याची जाडी रेणूंना दोन टकरींच्या मधे जेवढे अंतर मिळते त्याच्या काही पटच असते. सत्तर किलोमीटरवर हे अंतर सुमारे एक मिलिमीटर आहे, तेव्हा पडदा काही मिलिमीटरांचा. हवा तो ओलांडते त्याला सेकंदाचा दहालाखावा भागही लागत नाही. आणि मुख्य म्हणजे हा पडदा कुपीच्या अंगाला चिकटलेला नसतो. बोथट बुडाच्या कुपीपुढे तो अंतर राखून उभा असतो, आणि जी हवा तापते ती कुपीला शिवण्याआधीच, त्या पडद्यात तापते.

आता कुपीत बसून बाहेर पाहावे. तिथून दिसणारे चित्र असे की कुपी स्थिर आहे आणि हवाच सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने अंगावर येते आहे. अशा एक किलो हवेजवळ गतीची ऊर्जा किती, तर वेगाच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे सुमारे २८ मेगाज्यूल. लोखंडाचा एक किलोचा गोळा वितळवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण आठ मेगाज्यूल पुरतात, यावरून अंदाज यावा. एका दिशेने, एका शिस्तीत येणारी ही गती पडद्यापाशी जवळजवळ थांबते आणि तिचे रूपांतर रेणूंच्या दिशाहीन धावपळीत होते. शॉक वेव्हमधले दाबणे कॉम्प्रेसरच्या दाबण्याहून वेगळे आहे ते इथे. पिस्टन हळूहळू दाबतो, आणि सोडले तर हवा खर्ची घातलेली ऊर्जा बरीचशी परत देते. शॉकमध्ये शिस्त मोडते ती कायमची. म्हणूनच शॉकमध्ये हवा दाटून दाटून किती दाटते, तर साध्या हिशेबाने जास्तीत जास्त सहापट. पण तापमानाला मात्र तशी मर्यादा नसते, वेग वाढेल तसे ते वाढतच जाते. हवेला एक अंश तापायला किलोमागे सुमारे एक किलोज्यूल लागतो. म्हणजे २८ मेगाज्यूलांनी तापमान २८ हजार अंशांवर जायला हवे.

ते जात नाही. पडद्याच्या लगेच मागे क्षणभर फार मोठे आकडे येतात खरे, पण हवा स्थिरावते तेव्हा ते सहा-सात हजारांच्या घरात असते.

उरलेली ऊर्जा जाते कुठे, हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ती रेणू फोडण्यात खर्च होते. ऑक्सिजनचे रेणू अडीच हजार अंशांच्या पुढे फुटू लागतात आणि चार हजारांच्या सुमारास संपतात. त्यानंतर नायट्रोजनची पाळी येते, आणि त्याचा बंध फार चिवट, ऑक्सिजनच्या जवळपास दुप्पट ताकदीचा. एक किलो हवेतील सगळे रेणू फोडून सुटे अणू करायचे, तर जवळजवळ तीस मेगाज्यूल लागतात. म्हणजे कक्षेतून परतणाऱ्या कुपीच्या वेगात जेवढी ऊर्जा आहे, जवळपास तेवढीच हवेच्या रेणूंना गिळता येते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून आला, दुसरा नायट्रोजनच्या रासायनिक बंधातून. तरीही ते शेजारी शेजारी येऊन बसले आहेत आणि त्याचा लाभ परतणाऱ्या प्रत्येक माणसाला होतो. अणू सुटे झाल्याने हवा सहापटीहूनही अधिक, दहापट किंवा त्याच्या पुढे दाटू शकते, आणि त्यामुळे पडदा कुपीच्या थोडा आणखी जवळ सरकतो, हा मात्र त्याचा तोटा.

त्या मुलाला समजावताना माझ्याजवळ कागद असता, तर मी पुढचा हिशेब मांडला असता. शुक्ला यांची ड्रॅगन कुपी चार मीटर व्यासाची, म्हणजे तिच्या बुडाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. सत्तर किलोमीटर उंचीवर सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाताना एवढ्या तोंडासमोर दर सेकंदाला येणारी हवा भरते जेमतेम आठ किलो. हवा इतकी विरळ असताना एवढे तापायला तिथे आहे काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर. आठ किलो पुष्कळ झाले. आठ किलो गुणिले २८ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे २२० मेगावॅट. आता यातले कुपीच्या अंगात किती शिरते, हे काढायचे एक जुने, साधे सूत्र आहे. त्यात हवेची घनता, बुडाच्या गोलाईची त्रिज्या आणि वेगाचा घन एवढेच येते. गोलाईची त्रिज्या चार मीटर धरली तर उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे ३३० किलोवॅट. सगळ्या बुडाला तेवढेच मिळते असे उदारपणे मानले तरी एकूण चार मेगावॅटच्या आसपास. दोनशे वीसातले चार. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवेतच राहतात आणि तापलेल्या हवेबरोबर कुपीच्या कडेवरून मागे वाहून जातात.

हे शहाणपण उशिरा आले. १९५०च्या सुमारास लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आखणाऱ्यांना त्यांची टोके सुईसारखी हवी होती, कारण हवा कापत जायचे तर टोकदारच हवे, हे कुणालाही पटण्यासारखे आहे. सुईसारख्या टोकाला शॉक वेव्ह चिकटून बसते, हवेचा अडथळा कमी होतो. पण जी हवा तापते ती अंगाला लगटून वाहते आणि टोक वितळून जाते. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन यांनी प्रश्न उलटा धरला. थांबताना जी ऊर्जा टाकायची आहे ती हवेलाच का देऊ नये? त्यांनी आणि आल्फ्रेड एगर्स यांनी दाखवून दिले की वस्तूच्या वाट्याला येणारी उष्णता ही एकूण अवरोधात पृष्ठभागावरील घर्षणाचा हिस्सा किती यावर ठरते, आणि अगदी ठोकळमानाने ती त्या हिश्श्याच्या निम्मी असते. म्हणजे अवरोध घर्षणाने मिळवू नका, दाबाने मिळवा. तोंड बोथट करा, हवेला समोरून अडवा. वरच्या सूत्रातही तेच दिसते, कारण उष्णता गोलाईच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. एक सेंटीमीटर त्रिज्येचे टोक आणि चार मीटर त्रिज्येचे बूड यांत त्रिज्येचा फरक चारशे पटींचा, म्हणून उष्णतेचा फरक वीस पटींचा. हे निष्कर्ष क्षेपणास्त्रांशी निगडित असल्याने काही वर्षे गुप्त राहिले. आज एकही अवकाशकुपी टोक पुढे करून परतत नाही.

आणि इथेच घर्षणाला त्याचा न्याय्य वाटा द्यायला हवा. ‘घर्षण नाहीच’ असे ठणकावून सांगणारेही आता बरेच भेटतात, आणि मला त्यांची घाई त्या पाटीइतकीच खटकते. पडद्यामागची तापलेली हवा कुपीच्या कडेकडे वाहते तेव्हा पृष्ठभागालगत तिचा एक पातळ सीमास्तर तयार होतो, त्यात हवेचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि ते घर्षणच आहे. लांबट, निमुळत्या वस्तूच्या बाजूंना तर त्याचे महत्त्व पुष्कळ असते. पण चेंडूसारखे गोल तोंड घ्या आणि त्याच्या अगदी मधल्या बिंदूकडे पाहा. तिथे हवा समोरून येऊन थांबते. पृष्ठभागावरून घसरण्याचा तिचा वेग शून्य असतो. घासण्याने उष्णता येत असती तर तो बिंदू सर्वांत थंड राहायला हवा होता. प्रत्यक्षात गोलाच्या तोंडावर सर्वाधिक उष्णता तिथेच मिळते. तिथे हवेतून भिंतीकडे उष्णता वाहते ती संवहनाने, आणि शिवाय फुटलेले अणू सीमास्तरातून पाझरत भिंतीपाशी येतात, तिथे एकमेकांना भेटून पुन्हा रेणू होतात आणि फुटताना गिळलेली ऊर्जा भिंतीवर परत ओकतात म्हणून.

हे पुनर्मीलन भिंतीच्या मर्जीवर असते. काही पृष्ठभाग अणूंना जुळायला मदत करतात, काही करत नाहीत. स्पेस शटलच्या फरशांवर काचेसारखा जो काळा लेप असे, तो या बाबतीत आळशी होता. १९८१ मध्ये शटलच्या दुसऱ्या उड्डाणात काही फरशांना मुद्दाम जुळणीला उत्तेजन देणारा लेप लावून पाहिला. त्या फरशा शेजारच्या फरशांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापल्या. हवा तीच, वेग तोच, आकार तोच. फरक फक्त वरच्या पातळ थराच्या रसायनाचा. घासण्याच्या कल्पनेत हे कुठे बसवायचे?

आता लाल जिलेटीन कागदाकडे येऊ. परतणाऱ्या कुपीचे तेज दोन वेगळ्या ठिकाणांहून येते आणि दुरून ते एकच वाटते. कवचाचा पृष्ठभाग स्वतः तापून उजळतो. वरच्या हिशेबातले ३३० किलोवॅट त्याने प्रकाशरूपाने परत फेकायचे म्हटले, तर तो तेराशे अंशांच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे भट्टीतल्या लोखंडाचा नारिंगी-पिवळा. दुसरे तेज पडद्यामागच्या वायूचे. तिथे चेतलेले नायट्रोजनचे रेणू तांबूस आणि जांभळट रंगांत उजळतात, ऑक्सिजनचे अणू आपली भर घालतात, आणि कवच झिजत असेल तर त्यातून सुटलेला कार्बन नायट्रोजनशी जुळून जांभळी छटा देतो. खिडकीतून दिसणारे गुलाबी-नारिंगी लोट बहुधा या वायूचे असतात, कारण खिडक्या बाजूला असतात आणि तापलेली हवा तिथून मागे वाहत असते. वायू स्वतःच उजळतो हे ओळखायची चोख पद्धत प्रयोगशाळेत आहे. शॉक टनेलमध्ये, आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही असे बोगदे आहेत, प्रतिकृतीवर प्रचंड वेगाचा वायू जेमतेम एखादा मिलिसेकंद सोडतात. एवढ्या वेळात प्रतिकृतीला तापून लाल व्हायला सवडच मिळत नाही. ती थंडच राहते. वायूची ऊर्जा पुरेशी असेल तर छायाचित्रात तिच्या तोंडापुढे झळाळती कोर मात्र उमटते.

चंद्राकडून परतताना हे आणखी ठळक होते. तिथून येणाऱ्या कुपीचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटर, म्हणून किलोमागची ऊर्जा दुपटीहून अधिक, आणि शॉकमागचा वायू दहा हजार अंशांच्या पलीकडे जातो. अपोलोच्या तयारीत नासाने १९६४ आणि १९६५ मध्ये फायर नावाचे दोन प्रयोग केले. छोटी कुपी रॉकेटने वर नेऊन मुद्दाम पृथ्वीकडे ढकलली आणि समोरच्या वायूचा नुसता प्रकाश तिच्या तोंडावर किती उष्णता टाकतो हे मोजले. हा प्रकाश सीमास्तर ओलांडून थेट कवचावर पडतो. स्पर्शही न करता तापवणारी ही हवा पाहिली की घर्षणाची पाटी उतरवायला हरकत नसावी.

याच वायूत काही अणू जुळता जुळता इलेक्ट्रॉन गमावतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू भेटून नायट्रिक ऑक्साइड होताना हे सहज घडते. सुट्या इलेक्ट्रॉनांचा हा ढग रेडिओ लहरींना परतवून लावतो आणि कुपीशी संपर्क काही मिनिटे तुटतो. जुलैतल्या त्या दुपारी निवेदकही त्या मिनिटांत थोडा वेळ गप्प झाला होता. इलेक्ट्रॉन जितके दाट तितक्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी अडतात, हे गणित साधे आहे. आणि ढग कुपीच्या मागच्या बाजूला विरळ असल्याने वरच्या उपग्रहाकडे अँटेना वळवून संपर्क टिकवण्याची युक्ती शटलच्या काळापासून वापरात आहे.

सगळी गोष्ट शॉक वेव्हचीच आहे असेही मात्र नाही. एकशेदहा किलोमीटरच्या वर रेणूंमधले अंतर मीटरभर होते, तिथे पडदा बनायला रेणूंची दाटीच नसते, आणि ते एकेकटे येऊन कवचावर आपटतात. तिथे उष्णता थोडी असते, कारण रेणूच थोडे. कुपी खाली उतरते तशी दाटी वाढते, पडदा उभा राहतो, उष्णता चढत जाते. मग वेगाचा घन आपले काम करतो आणि वेग निम्मा झाला की उष्णता, घनता तीच धरली तर, आठव्या भागावर येते. म्हणून झळाळी काही मिनिटांचीच असते आणि ती विझते तेव्हा कुपी अजून ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जात असते.

कवचाच्या आत मात्र हिशेब तिथे मिटत नाही. पृष्ठभाग थंड होऊ लागला तरी मधल्या जाडीत अडकलेली उष्णता आतल्या दिशेने सरकत राहते, आणि कवच ज्या धातूवर किंवा गोंदावर बसवलेले असते त्याचे तापमान सर्वांत वर जाते ते तेज मावळल्यानंतर कितीतरी वेळाने. शटलच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला १७७ अंशांची मर्यादा घातलेली होती, आणि त्या मर्यादेच्या दिशेने तो सर्वाधिक सरके ते धावपट्टीवर उतरून उभा राहिल्यानंतर. म्हणून विमान थांबताच थंड हवेच्या नळ्या घेऊन गाड्या त्याच्याकडे धावत.